शून्यबिंदू ऊर्जा मोजता येते, की ती नुसती शून्य कुठे धरायचा याची सोय आहे?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. कॉलेज रोडला मी टी.वाय. बी.एस्सी.च्या मुलांच्या शिकवण्या घेतो. सध्या क्वांटम हार्मोनिक ऑसिलेटर चालू आहे. फळ्यावर E = (n + ½)ħω आलं, मुलांनी उतरवून घेतलं. मग एका मुलीने विचारलं, "सर, हा अर्धा वजा करून टाकला तर काय बिघडतं? ऊर्जेचा शून्य आपणच ठरवतो ना?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. अनिश्चिततेच्या तत्त्वामुळे कण तळाशी स्वस्थ बसू शकत नाही, म्हणून सगळ्यात खालची पातळी तळाच्या ½ħω वर असते. त्यावर ती म्हणाली, "पण तळ कुणी पाहिलाय? वर्णपटात दिसतात ती दोन पातळ्यांमधली अंतरं. अंतर काढताना अर्ध्यातून अर्धा जातो."

तिचं म्हणणं बरोबर आहे. शुद्ध ऑसिलेटरच्या वर्णरेषेवरून तो अर्धा कळत नाही. तर मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, हा अर्धा प्रयोगात नेमका कुठे पकडता येतो? दोन, पातळ्या समान अंतरावर का येतात? शिडी-ऑपरेटरचं गणित मला येतं, पण मुलांना सांगण्यासारखं कारण हवंय.

---

अभिजित_पं

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. द्रवरूप हेलियम. साध्या हवेच्या दाबाखाली तो निरपेक्ष शून्यापर्यंत नेला तरी गोठत नाही, घन करायचा तर साधारण 25 पट दाब लागतो. कारण त्याचे अणू शून्य तापमानालाही थरथरत असतात. तीच शून्यबिंदू ऊर्जा.

दुसरं म्हणजे, ऊर्जा hν च्या पुड्यांमध्येच देता-घेता येते हे प्लांकने 1900 सालीच सांगितलं. पुड्या सारख्या, म्हणून पायऱ्या सारख्या. यात वेगळं कारण काय शोधायचं?

---

सुलभाताई_गंगापूररोड

अभिजित, हेलियमचं उदाहरण चांगलं आहे, पण त्यात अणूंमधलं आकर्षण, त्यांचं हलकेपण आणि सगळ्या अणूंचा एकत्रित परिणाम मिसळलेला आहे. गोदाकाठ सरांच्या विद्यार्थिनीला एकच ऑसिलेटर आणि एकच आकडा हवाय. आणि पुड्यांचं म्हणशील तर प्रश्नच उत्तर म्हणून परत आला. पुड्या सारख्या का, हेच तर विचारलंय. हायड्रोजनच्या अणूतही ऊर्जा पुड्यांनीच मिळते, पण तिथे पातळ्या वर जाताना दाटत जातात.

मी आधी दुसरा प्रश्न घेते, पहिल्यावर कुणी रसायनवाले लिहितील तर जास्त बरं.

समान अंतराचं मूळ शास्त्रीय ऑसिलेटरच्याच एका गुणात आहे. आदर्श स्प्रिंगला टांगलेलं वजन एक सेंटिमीटर ओढून सोडा नाहीतर पाच सेंटिमीटर, एका फेरीला लागणारा वेळ तोच. जास्त ओढलं तर अंतर जास्त, पण वेगही त्याच प्रमाणात जास्त. आवर्तकाल आयामावर अवलंबून नाही.

आता बोरने मांडलेला दुवा पाहा. मोठ्या n साठी दोन शेजारच्या पातळ्यांमधलं अंतर म्हणजे त्या ऊर्जेला शास्त्रीय कण ज्या वारंवारतेने फिरतो ती गुणिले h. म्हणजे शास्त्रीय हालचालीचं घड्याळ पाहिलं की क्वांटम पायरीची उंची कळते. हायड्रोजनमध्ये ऊर्जा वाढली की कक्षा मोठी होते, फेरीला वेळ जास्त लागतो, म्हणून पायऱ्या लहान होत जातात. दोन भिंतींमध्ये आपटणाऱ्या कणाचं उलटं आहे. ऊर्जा वाढली की वेग वाढतो, फेरी लवकर होते, पायऱ्या मोठ्या होत जातात. ऑसिलेटर या दोघांच्या मधोमध. ऊर्जा कितीही असो, फेरीचा वेळ तोच, म्हणून पायरीही तीच.

हा युक्तिवाद खरा मोठ्या n चा आहे. ऑसिलेटरच्या बाबतीत तो थेट खालच्या पायरीपर्यंत अचूक उतरतो, हे मात्र श्रोडिंगर समीकरण सोडवल्यावरच कळतं. मुलांना सांगताना हा फरक झाकू नका.

परीक्षेत येणारं एक गणितही यावर तपासता येतं. ऑसिलेटरच्या बरोबर मध्यावर भिंत उभी करा, कण फक्त उजव्या बाजूला. शास्त्रीय कण अर्ध्या वेळात परत येतो, म्हणजे वारंवारता दुप्पट, म्हणजे पायरी 2ħω. समीकरण सोडवलं तर पातळ्या 3/2, 7/2, 11/2 अशा येतात. पायरी 2ħω हे घड्याळावरून बरोबर निघालं. पण सगळ्यात खालची पातळी 3/2 ħω ला आहे, पायरीच्या अर्ध्यावर नाही. म्हणजे पायऱ्यांचं अंतर आणि पहिल्या पायरीची तळापासूनची उंची या दोन वेगळ्या बाबी आहेत. तुमच्या विद्यार्थिनीला जाणवलं ते हेच.

---

सातपूरकर

मी फिजिक्सवाला नाही, सातपूरला मेंटेनन्समध्ये आहे. पण समान अंतर आम्हाला रोज दिसतं. 1440 आरपीएमची मोटर, बेअरिंगवर सेन्सर लावला की स्क्रीनवर 24 हर्ट्झला पीक, मग 48 ला, मग 72 ला. फाउंडेशन बोल्ट ढिला असला की ही पिकं वाढतात. मग हीच तुमची n = 1, 2, 3 ची पातळी ना? आणि शून्यबिंदू म्हणजे मशीन बंद असताना सेन्सर जो थोडा आवाज दाखवतो तो?

---

सुलभाताई_गंगापूररोड

सातपूरकर, तुम्हाला दिसतं ते वेगळं आहे, पण या धाग्याच्या कामाचं आहे.

तुमच्या स्क्रीनवरची पिकं म्हणजे एकाच हालचालीत मिसळलेल्या वारंवारता. बोल्ट ढिला असला की पाया एका बाजूला रेटतो, दुसऱ्या बाजूला सुटतो. हालचाल शुद्ध साइन राहत नाही आणि 48, 72 चे गुणक उगवतात. सगळं घट्ट आणि सरळ बसलेलं असेल तर 24 चं एकच पीक उरायला हवं. बरोबर?

आदर्श क्वांटम ऑसिलेटर अगदी तसाच वागतो. पातळ्या अनंत आहेत, समान अंतरावर आहेत, पण प्रकाश शोषताना तो एका वेळी एकच पायरी चढतो. सगळ्या पायऱ्या सारख्या, म्हणून वर्णपटात रेषा एकच. दुप्पट वारंवारतेची रेषा दिसली, तर समजायचं की ही स्प्रिंग आदर्श नाही. थोडक्यात, तुमच्या 48 च्या पिकाचा क्वांटम जोडीदार म्हणजे एकदम दोन पायऱ्यांची उडी. पातळी नव्हे, उडी.

खऱ्या रेणूत हे दिसतं. हायड्रोजन क्लोराइडची मुख्य कंपनपट्टी 2886 सें.मी.⁻¹ ला आहे. पायऱ्या सारख्या असत्या तर दोन पायऱ्यांची उडी 5772 ला यायला हवी. ती येते 5668 ला. तीन पायऱ्यांची 8347 ला. वजाबाक्या करा. पहिली पायरी 2886, दुसरी 2782, तिसरी 2679. दर पायरीला शंभरावर थोडं कमी होतंय. कारण तेच, घड्याळाचं. बंध जास्त ताणला की सैल पडतो, फेरीला वेळ जास्त लागतो, पायरी लहान होते.

मशीन बंद असताना सेन्सर दाखवतो तो आवाज म्हणजे उष्णता, जमिनीची कंपनं आणि सेन्सरचं स्वतःचं इलेक्ट्रॉनिक्स. शून्यबिंदू हालचाल त्याच्या कितीतरी खाली असते. एक किलोचं वजन सेकंदाला एक फेरी असं हलत असेल, तर त्याचा शून्यबिंदू पसारा साधारण 3 × 10⁻¹⁸ मीटर. प्रोटॉनच्या त्रिज्येच्याही तीनशेव्या भागाएवढा. आणि तेच वजन 10 सेंटिमीटर आयामाने हललं तर त्याची ऊर्जा 0.2 जूलच्या आसपास, तर एक पायरी 6.6 × 10⁻³⁴ जूलची. म्हणजे n साधारण 3 × 10³². एवढ्या पायऱ्यांत एखादी वेगळी दिसायची शक्यताच नाही.

---

सातपूरकर

ताई, उडी आणि पातळीतला फरक समजला. आमच्या प्रेसखाली रबरी पॅड आहेत, त्यावर मशीन जोरात हललं की नॅचरल फ्रिक्वेन्सी सरकते, हे आम्ही पाहिलंय. म्हणजे ते पॅड तुमच्या एचसीएलसारखे धरायचे?

---

सुलभाताई_गंगापूररोड

हो. वारंवारता आयामाबरोबर सरकली की स्प्रिंग आदर्श नाही. कुठल्या बाजूला सरकते ते मात्र पाहा. पॅड दाबून कडक होत असेल तर वर सरकेल, एचसीएलमध्ये ती खाली सरकते.

---

रसायन_शाळा

पहिल्या प्रश्नावर मी लिहिते. विद्यार्थिनीची शंका अगदी मुळावर बोट ठेवणारी आहे, आणि तिचं उत्तर समस्थानिकांत आहे.

हायड्रोजनचा रेणू H₂ आणि जड हायड्रोजनचा D₂ घ्या. दोन्हींत दोन प्रोटॉनांएवढा विद्युतभार आणि दोन इलेक्ट्रॉन. बंध बांधतात ते इलेक्ट्रॉन, आणि न्यूट्रॉनशी त्यांना जवळपास काही देणंघेणं नसतं. त्यामुळे बंधाची ऊर्जावक्र रेषा, म्हणजे तो खड्डा, दोन्हींना एकच. तळ एकच, काठही एकच. बदलतं ते फक्त आत हलणारं वस्तुमान, ते दुप्पट होतं.

आता तळ कुठे धरायचा ते तुम्ही ठरवा. समुद्रसपाटीपासून मोजा नाहीतर कसारा स्टेशनपासून, घाटात वेगवेगळ्या उंचीवर उभ्या असलेल्या दोन माणसांना इगतपुरीपर्यंत किती चढायचं राहिलंय यातला फरक तोच राहतो. इथे चढण म्हणजे रेणू तोडायला लागणारी ऊर्जा, आणि ती वर्णपटावरून फार अचूक मोजलेली आहे.

अर्धा नसता, तर दोन्ही रेणू तळाशी बसले असते आणि दोन्ही तोडायला सारखीच ऊर्जा लागली असती. प्रत्यक्षात H₂ ला 36118 सें.मी.⁻¹ लागतात आणि D₂ ला 36748. फरक 630. D₂ तोडायला जास्त लागतात, म्हणजे तो खाली बसलाय.

आता अर्ध्यावरून हा फरक काढून बघू. H₂ ची हार्मोनिक कंपनसंख्या 4401, त्याचा अर्धा 2200. D₂ ची 3116, अर्धा 1558. फरक 642. मोजलेल्या 630 च्या जवळ, पण 12 जास्त. कारण सुलभाताईंनी सांगितलंच आहे, स्प्रिंग आदर्श नाही. त्या दुरुस्तीचा चौथा भाग खालच्या पातळीतून वजा होतो, H₂ मध्ये 30 आणि D₂ मध्ये 15. मग उरतात 2170 आणि 1542 किंवा 1543, फरक 628 च्या आसपास. याहून बारीक पदं धरली तर H₂ ची खालची पातळी 2179 ला आणि D₂ ची 1546 ला येते, फरक 633. उरलेले दोन-तीन आकडे 'खड्डा दोन्हींना एकच' हे गृहीतक पुरतं खरं नाही, म्हणून उरतात.

तर सर, तिला सांगा, एका रेणूत अर्धा वजा करून टाकलास तर काही बिघडत नाही. पण एकाच खड्ड्यात दोन वस्तुमानं बसवलीस की दोघांचे अर्धे वेगवेगळे असतात, आणि एकच आकडा वजा करून ते दोन्ही घालवता येत नाहीत.

---

गोदाकाठ

हे फारच उपयोगी पडलं. हे ऐतिहासिकदृष्ट्याही असंच सापडलं का? की समीकरण आधी आणि मोजणी नंतर?

---

रसायन_शाळा

मोजणी आधी. रॉबर्ट मुलिकेन 1924-25 मध्ये बोरॉन मोनॉक्साइडच्या वर्णपटावर काम करत होते. बोरॉनचे 10 आणि 11 वस्तुमानाचे दोन्ही समस्थानिक निसर्गात असतात, त्यामुळे एकाच नळीतून दोन्ही रेणूंच्या पट्ट्या शेजारी-शेजारी मिळतात. इलेक्ट्रॉनिक उडीत रेणू खालच्या एका खड्ड्यातून वरच्या वेगळ्या खड्ड्यात जातो. दोन्हीकडे कंपनाची सगळ्यात खालची पातळी घेतली, आणि ती जुन्या नियमाप्रमाणे तळालाच असली, तर ती पट्टी दोन्ही समस्थानिकांना जवळपास एकाच जागी पडायला हवी. ती सरकलेली होती, आणि जेवढी सरकली होती ते पूर्ण पूर्णांकांनी जुळत नव्हतं, अर्धे धरले की जुळत होतं. हायझेनबर्गचा 1925 च्या उन्हाळ्यातला लेख, ज्यातून ऑसिलेटरचा अर्धा गणिताने बाहेर पडला, तो यानंतरचा.

प्लांकने 1911-12 च्या सुमारास आपल्या दुसऱ्या सिद्धांतात ½hν ची कल्पना मांडली होती, पण तिला थेट पुरावा असा नव्हता.

माझ्या कामात हा अर्धा वेगळ्या वेशात भेटतो. कार्बन-हायड्रोजन बंध 2900 च्या आसपास कंप पावतो, कार्बन-ड्यूटेरियम 2100 च्या आसपास. अर्ध्यांचा फरक 400. नेहमीच्या खोलीच्या तापमानाला एवढ्या फरकाने बंध तुटण्याचा वेग साधारण सातपट बदलू शकतो. अभिक्रियेत हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम घालून वेग पाहिला की नेमका कोणता बंध तुटतोय ते कळतं. अभिक्रिया मंदावली नाही, तर तो बंध त्या निर्णायक टप्प्यावर तुटत नसावा.

---

मखमलाबाद_नाका

एक विचारू का? आमच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. 'झिरो पॉइंट एनर्जी'वर चालणारा जनरेटर, डिझेल नाही, वीज नाही. माझ्या भावाचा द्राक्षबाग आहे, कोल्ड स्टोरेजचं बिल फार येतं. त्याला त्यात पैसे गुंतवायचे आहेत. तुम्ही म्हणता ही ऊर्जा खरी आहे आणि मोजताही येते, मग ती काढता का येणार नाही?

---

सुलभाताई_गंगापूररोड

दादा, भावाला पैसे गुंतवू देऊ नका. का ते नीट सांगते.

ऊर्जा काढायची तर वस्तूला आणखी खालच्या पातळीवर न्यावं लागतं. शून्यबिंदू ही सगळ्यात खालचीच पातळी आहे, तिच्याखाली दुसरी नाही. ती खाली का नाही, तेही आकड्यात दाखवता येतं. खालच्या पातळीत निम्मी ऊर्जा वेगाची आणि निम्मी ताणाची, प्रत्येकी ħω चा चौथा भाग. समजा कणाला तळाशी आणखी आवळून पसारा निम्मा केला. ताणाची ऊर्जा चौथाईवर येते, पण वेगाची चौपट होते. बेरीज ½ħω वरून 1.06 ħω वर, म्हणजे दुपटीहून जास्त. उलट पसारा दुप्पट केला तर वेगाची चौथाई आणि ताणाची चौपट, बेरीज पुन्हा तीच. कुठल्याही बाजूला गेलं तरी चढच आहे.

वर D₂ खाली बसतो असं आलंय. म्हणजे H च्या जागी D घातला तर दोन्ही खालच्या पातळ्यांमधला फरक मिळतो, आणि तो रासायनिक अभिक्रियेतून मिळतोही. पण तो एकदाच, आणि त्यासाठी ड्यूटेरियम आणावा लागतो. फिरत्या जनरेटरसारखी पुन्हा पुन्हा मिळणारी ऊर्जा त्यात नाही.

---

मखमलाबाद_नाका

आभारी आहे ताई. "चढच आहे" हे त्याला सांगतो, हे त्याला पटेल.

---

अभिजित_पं

मला एक मुद्दा मांडायचा आहे. मी थरथर म्हणालो त्यात चूक काय? ऊर्जा निम्मी वेगाची आहे असं ताईच म्हणाल्या. वेग आहे म्हणजे हालचाल आहे. रेणू निरपेक्ष शून्यालाही कंप पावतोच.

---

सुलभाताई_गंगापूररोड

वेगाच्या वर्गाची सरासरी शून्य नाही, एवढं नक्की. पण 'कंप पावतो' म्हटलं की डोळ्यांसमोर इकडून तिकडे जाणारा कण येतो, आणि खालच्या पातळीत तसं काही घडत नाही. कण कुठे सापडेल याची शक्यता काळाबरोबर बदलतच नाही. n = 0 च नव्हे, n = 50 घेतला तरी तेच. शुद्ध ऊर्जापातळीत काहीही मागे-पुढे होत नाही.

शास्त्रीय ऑसिलेटरशी इथेच खरा फरक पडतो. शास्त्रीय वजन टोकांना मंदावतं, म्हणून कुठल्याही क्षणी पाहिलं तर ते टोकांजवळ सापडण्याची शक्यता जास्त. n = 0 मध्ये उलटं, मध्यावर सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त. शिवाय शास्त्रीय टोकांच्या पलीकडे, जिथे तेवढ्या ऊर्जेने पोचताच यायला नको, तिथे कण सापडण्याची शक्यता साधारण 16 टक्के. n वाढवत नेला की टोकांकडचा ढीग वाढतो, आणि बारीक चढउतारांची सरासरी काढली तर शास्त्रीय आकार मिळतो. हालचाल मात्र तरीही मिळत नाही.

हालचाल हवी तर अनेक पातळ्या मिसळाव्या लागतात. श्रोडिंगरने 1926 मध्ये अशी एक मिसळ दाखवली की तिचा ढीग आकार न बदलता शास्त्रीय वजनासारखा झुलतो. आणि इथे समान अंतर पुन्हा कामाला येतं. प्रत्येक पातळीचा स्वतःचा ठेका असतो. पायऱ्या सारख्या असल्या की एका आवर्तकालानंतर सगळे ठेके पुन्हा जुळतात, म्हणून कुठलीही मिसळ असो, ती एका फेरीनंतर मूळ आकारात परत येते. पायऱ्या असमान असल्या की ठेके फाटत जातात आणि ढीग पसरतो. आयोडीनसारख्या रेणूंत हे झुलणं आणि विसकटणं फेम्टोसेकंदांच्या लेसरने पाहिलं गेलंय. अशा प्रयोगांच्या वाटेवरच्या कामासाठी अहमद झेवेल यांना 1999 चं रसायनाचं नोबेल मिळालं.

---

अभिजित_पं

ढिगाचं पटलं. पण हेलियम गोठत नाही त्याला मग मी काय म्हणू? काहीच हलत नसेल तर जाळी मोडते कशाने?

---

रसायन_शाळा

पसाऱ्याने म्हणा. अणू जाळीतल्या आपल्या जागेवर एवढा पसरलेला असतो की शेजाऱ्यांमधलं अंतर आणि हा पसारा यांची तुलना करावी लागते. H₂ मध्येच पाहा, बंधाची लांबी 0.74 अँगस्ट्रॉम आणि शून्यबिंदू पसारा जवळपास 0.09, म्हणजे बारा टक्के. हेलियमच्या अणूंमधलं आकर्षण फारच दुबळं, त्यामुळे तिथे हे प्रमाण बरंच मोठं होतं.

---

अभिजित_पं

पसारा म्हटलं तरी वेगाच्या वर्गाची सरासरी उरतेच. मला अजून 'थरथर' हाच शब्द जवळचा वाटतो. असो.

---

गोदाकाठ

आज वर्गात H₂ आणि D₂ चे आकडे दिले आणि HD चं उत्तर मुलांकडून काढून घेतलं. इथे टाकतो, कुणाला वापरायचं असेल तर.

HD चं परिणामी वस्तुमान H₂ च्या चार तृतीयांश, म्हणून कंपनसंख्या √(3/4), म्हणजे 0.866 पट. H₂ चा अर्धा 2200.5, त्याचे झाले 1905.6. स्प्रिंग आदर्श नसल्याची दुरुस्ती वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणून 30.3 चे 22.7. उरले 1882.9. H₂ चे त्याच पद्धतीने 2170.2. फरक 287.3. म्हणजे HD तोडायला H₂ पेक्षा 287 सें.मी.⁻¹ जास्त लागायला हवेत. नंतर मोजलेला आकडा दाखवला, HD ला 36406 लागतात, फरक 288.

शंका विचारणाऱ्या मुलीने मग अर्ध्याऐवजी शून्य घालून पाहिलं, फरक शून्य आला. एक घालून पाहिलं, दुप्पटीच्या आसपास आला. पूर्णांकाने जुळतच नाही हे तिने स्वतः करून पाहिलं.

दुसऱ्या एका मुलाने विचारलं, खोलीच्या तापमानाला शास्त्रीय हिशेब किती सांगतो? तो सांगतो kT, म्हणजे सुमारे 208 सें.मी.⁻¹. H₂ ची खालची पातळीच 2179 ला आहे. दहापट. आणि पुढच्या पायरीला आणखी 4161 लागतात, म्हणून नाशिकच्या मे महिन्यातसुद्धा जवळपास सगळे रेणू n = 0 लाच.

आता त्या मुलीचा पुढचा प्रश्न आहे. निर्वातातल्या विद्युतचुंबकीय क्षेत्राची प्रत्येक लहर एक ऑसिलेटर धरली तर प्रत्येकीला अर्धा, आणि लहरी अनंत. तिथे एकच खड्डा आणि दोन वस्तुमानं अशी सोय नाही. मग तिथला अर्धा खरा म्हणायचा का?

---

सुलभाताई_गंगापूररोड

तिथे आपली युक्ती चालत नाही, हे तिने बरोबर पकडलं. मोजता येतात ते पुन्हा फरकच. धातूच्या दोन पाट्या जवळ आणल्या की त्यांच्यामधल्या लहरींची बेरीज बदलते आणि पाट्यांवर ओढ जाणवते. कॅसिमिरने 1948 मध्ये ही ओढ काढून दाखवली आणि पुढे ती मोजलीही गेली. पण तीच ओढ पाट्यांमधल्या विद्युतभारांच्या परस्परक्रियेतूनही काढता येते, निर्वाताच्या अर्ध्यांचं नाव न घेता. त्यामुळे ही ओढ म्हणजे त्या अर्ध्यांचा पुरावा मानायची की नाही, यावर जाणत्यांचंही एकमत नाही.

सगळ्या अर्ध्यांची बेरीज गुरुत्वाकर्षणाला जाणवायला हवी, आणि साध्या हिशेबाने ती विश्वाच्या प्रसरणावरून दिसणाऱ्या ऊर्जेपेक्षा प्रचंड मोठी येते. ती कुठे जाते, याचं सर्वांना मान्य असं उत्तर नाही. तिला सांगा, H₂ चा अर्धा पक्का आहे, निर्वाताच्या अर्ध्यावर वाद चालू आहे.

---

सातपूरकर

ताई, रबरी पॅडचं पाहिलं. जोर वाढवला की फ्रिक्वेन्सी खाली येते, वर नाही. पॅड जुने आहेत. सैल पडलेत म्हणून, की रबराचंच असं असतं?

---

सुलभाताई_गंगापूररोड

रबरात हे नव्या पॅडमध्येही होऊ शकतं, विशेषतः त्यात काजळी भरलेली असेल तर. थोड्या हालचालीला ते कडक लागतं, मोठ्या हालचालीला मऊ. एक नवा पॅड बसवून तोच जोर देऊन पाहा, मग जुनेपणाचा वाटा किती ते वेगळं कळेल.